फेरीवाल्याची हाक आणि नगरगीताचा मुखडा



ज्या संगीतशिक्षकांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालत आली आहे, त्यांची राग शिकविण्यापूर्वी मुलांना खिडकीशी उभे करून रस्ता ऐकावयास लावण्याची रीत त्यांच्या विद्यार्थ्यांच्या अजून स्मरणात आहे. आणि त्या रीतीशी नाते सांगणारा विषय घ्यावा म्हणून आज मी फेरीवाल्याच्या हाकेविषयी बोलण्याचे ठरविले आहे. हाकेचा इतिहास, तिचे समाजशास्त्र किंवा शहरातून तिचे होत चाललेले उच्चाटन हे सारे स्वतंत्र व्याख्यानांचे विषय आहेत आणि त्यांच्या हद्दीत मी आज शिरणार नाही. माझा प्रश्न एका कारागिराचा आहे: रस्त्यावरची एखादी हाक उचलून तिच्यापासून शहराविषयीच्या खेळकर गीताचा मुखडा घडवावयाचा झाला, म्हणजे लोकांच्या ओठांवर बसेल आणि पुनःपुन्हा येऊनही कंटाळा आणणार नाही असा लयबद्ध तुकडा करावयाचा झाला, तर त्या हाकेतले काय ठेवावे, काय बदलावे आणि कशाला मुळीच हात लावू नये.

उदाहरणासाठी आपण गिरगावातली एक चाळ डोळ्यांपुढे आणू. दोन इमारती समोरासमोर, मधे अरुंद चौक, आणि प्रत्येक मजल्यावर लाकडी कठड्याची गॅलरी. या चौकात सकाळी भाजीवाली येते, टोपली उतरवीत नाही, मान किंचित वर करते आणि हाक देते: ‘मेथी, शेपू, चुका, कोथिंबीऽऽर’. ही हाक नीट लक्ष देऊन ऐकली तर तिचे दोन भाग स्पष्ट दिसतात. पहिल्या तीन भाज्यांची नावे ती जवळजवळ बोलण्याच्या वेगाने, एकाच स्वराला धरून, फारसा जोर न लावता सांगून टाकते. चौथ्या नावाशी मात्र तिचा आवाज एकदम वर उडी घेतो, ‘बी’ हे अक्षर श्वास पुरेल तितके ताणले जाते आणि मग तो स्वर घरंगळत खाली येतो. यापुढे जे घडते ते संगीतरचनाकाराच्या दृष्टीने हाकेइतकेच महत्त्वाचे आहे: ती थांबते. दोन-तीन क्षण वर गॅलऱ्यांकडे पाहते, कारण हाकेला गिऱ्हाईक असेल तर ते याच वेळी कठड्यावरून डोकावून भाव विचारणार असते. कोणी डोकावले नाही तर ती चार पावले पुढे सरकून तीच हाक पुन्हा देते.

हाकेची ही घडण सौंदर्यदृष्टीने कोणी बसविलेली नाही. ती धंद्याच्या गरजेतून उत्पन्न झालेली आहे. तिसऱ्या मजल्यावर पोहोचताना व्यंजने वाटेत गळतात आणि दीर्घ, मोकळे स्वर तेवढे टिकतात; म्हणून हाकेतले एक अक्षर तरी लांबवावे लागते, आणि ते आ, ई किंवा ए या जातीचे असावे लागते. उंच स्वर गलबल्यातून वेगळा ऐकू येतो, म्हणून उडी. दिवसभर हेच करावयाचे असल्याने घशाला जपले पाहिजे. म्हणून बाकीचा मजकूर बोलण्याच्या पट्टीत. आणि हाकेचा हेतू उत्तर मिळविणे हा असल्यामुळे शेवटी स्तब्धता. या चारही गोष्टी मुखड्यास आयत्या उपयोगी पडणाऱ्या आहेत, कारण ज्या तुकड्यात झपाट्याने म्हणावयाचे शब्द, एक ठसठशीत दीर्घ अक्षर आणि त्यानंतर ऐकणाराने भरावयाची मोकळी जागा आहे, तो तुकडा समुदायास एकदा ऐकून उचलता येतो. एकच गोष्ट हाकेजवळ नाही, आणि ती म्हणजे ठोका. तिची लय श्वासावर आणि चालण्यावर अवलंबून आहे. एका हाकेतला ‘बी’ दुसऱ्या हाकेतल्या ‘बी’पेक्षा लांब असतो, मधली स्तब्धता कधी क्षणभराची तर कधी अर्ध्या मिनिटाची असते. गीताला मात्र आवर्तन हवे. अनियमित श्वास आणि नियमित आवर्तन यांचा तह कसा घडवून आणावा, हाच या कामातला खरा मामला आहे.

या तहाचे दोन मार्ग पूर्वसूरींनी दाखवून ठेवले आहेत. पहिला मार्ग हाक मोकळी ठेवण्याचा. हवाना शहरात फेरीवाल्यांच्या हाकांवर रचलेल्या गाण्यांची एक स्वतंत्र जातच आहे, तिला तेथे ‘प्रेगोन’ म्हणतात; मोइसेस सिमोन्स या रचनाकाराचे शेंगदाणेवाल्याचे गाणे हे तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण, आणि 1930 साली डॉन अस्पियाझू यांच्या वाद्यवृंदाने न्यूयॉर्क येथे अंतोनिओ माचिन यांच्या आवाजात त्याचे ध्वनिमुद्रण केल्यानंतर ते जगभर पसरले. त्या गाण्यात साथीची वाद्ये एक आखूड आकृती अखंड फिरवीत राहतात, आणि तिच्यावर शेंगदाणेवाल्याची लांब हाक जणू ठोक्याची पर्वा नसल्यासारखी तरंगते. आकृती इतकी पक्की आहे की गायकाला उशिरा येण्याची आणि रेंगाळण्याची पूर्ण मुभा राहते. याच मार्गाचे सतराव्या शतकातले एक रूप इंग्लंडात सापडते. ऑर्लँडो गिबन्स याने लंडनच्या रस्त्यावरील हाका आवाजांसाठी आणि व्हायोल नावाच्या तंतुवाद्यांसाठी रचल्या, तेव्हा मासळी, फळे, हरवलेल्या वस्तूंच्या दवंड्या असा तो सारा परस्परविसंगत गलबला एकत्र राहावा यासाठी त्याने एका व्हायोलवर चर्चमधील एक प्राचीन धून अतिशय लांब लांब स्वरांत चालू ठेवली. वर बाजार, आत मंत्रासारखी संथ रेषा. ती रेषा सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, पण ती काढून घेतली तर बाजार कोसळेल.

दुसरा मार्ग हाकेलाच मात्रांत बसविण्याचा. ‘प्यासा’ या 1957 सालच्या चित्रपटात सचिनदेव बर्मन यांनी मोहम्मद रफी यांच्याकडून गाऊन घेतलेले, जॉनी वॉकर यांच्यावर चित्रित झालेले मालिशवाल्याचे गाणे आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. तेथे आरंभीची हाक मोकळी, रस्त्यावरची म्हणून ऐकू येते, आणि मग ठेका सुरू झाला की मालिशवाल्याची सारी जाहिरात तालाच्या घरांत चपखल बसते. या रचनेचे मर्म मला असे वाटते की श्रोत्याला आधी हाक मूळ रूपात ऐकविली जाते. त्यामुळे पुढचे गाणे त्या हाकेचेच आहे याविषयी त्याच्या मनात संदेह राहत नाही. आपल्याकडे एकनाथांनी भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी यांच्या वाणीला पदाचे रूप दिले तेव्हाही ज्याला त्या माणसाची रस्त्यावरची ढब ठाऊक होती त्याच्यासाठीच ते दिले होते.

आता भाजीवालीकडे परत येतो आणि तिची हाक मात्रांत बसविण्याचे काम तपशीलवार करून दाखवितो. ताल केहरवा घेऊ, कारण आठ मात्रांचा हा ठेका ढोलकीवर, टाळ्यांवर, वेळ पडल्यास बाकावरही वाजतो आणि तो कोणाला शिकवावा लागत नाही. नवशिका रचनाकार साहजिकपणे ‘मेथी’ हा शब्द पहिल्या मात्रेवर, समेवर ठेवतो: एकवर मेथी, दोनवर शेपू, तीनवर चुका, आणि मग कोथिंबीर. असे केले की गणित जुळते, परंतु ऐकताना ते शाळेतल्या पाढ्यासारखे वाटते आणि हाक हरवते. कारण भाजीवालीचा जोर ‘मेथी’वर नाहीच; तिच्या वाक्याचा सारा तोल ‘बी’ या अक्षराकडे धावतो आहे. आपल्या संगीतात मुखडा म्हणजे समेवर येऊन आदळणारा तुकडा, त्याचा आरंभ समेच्या आधी कोठेतरी असतो, हे तत्त्व येथे लावले की सारा गुंता सुटतो. हाकेचा आरंभ पाचव्या मात्रेपासून करावा. पाचवर ‘मेथी’, सहावर ‘शेपू’, सातवर ‘चुका’, आठवर ‘कोथिं’, आणि समेवर ‘बीऽर’. हा ‘बी’ पहिली व दुसरी मात्रा व्यापतो, आणि तिसरी व चौथी मात्रा मोकळी राहते.

या मांडणीला ठेकाही अनुकूल आहे. केहरव्याचे बोल ‘धा गे न ति, न क धि न’ असे. पाचव्या-सहाव्या मात्रेला, म्हणजे खालीला, डग्ग्याचा घुमारा नसतो आणि नुसती बंद, बारीक अक्षरे वाजतात. त्यामुळे भाज्यांची नावे जेथे भराभर येतात तेथे खालचा घुमारा त्यांना झाकीत नाही, सातव्या मात्रेला डग्गा परत येऊन पुढच्या धक्क्याची तयारी करतो, आणि ‘बी’ येतो तो भरघोस ‘धा’बरोबर. ढोलकीवाला हे काही न सांगता ओळखतो आणि आठव्या मात्रेला एखादा लहानसा उठाव घेऊन ‘बी’ला उचलून धरतो.

तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेचे काय करावयाचे? त्या जागी मूळ प्रसंगात गॅलरीतले गिऱ्हाईक असते. म्हणून तेथे समुदायाने म्हणावे: तिसरीवर ‘काय’, चौथीवर ‘भाव?’ हे उत्तर मी कल्पनेने जोडलेले नाही. हाकेनंतरची स्तब्धता त्याच्यासाठीच होती. आता सबंध आवर्तन असे फिरते: मेथी, शेपू, चुका, कोथिं–बीऽर, काय भाव? मेथी, शेपू, चुका, कोथिं–बीऽर, काय भाव? एकटा आवाज विकतो आणि सर्वजण विचारतात, आणि गीताचा खेळकरपणा या देवघेवीतून आपोआप येतो. त्यासाठी शब्दांत विनोद भरण्याची गरज पडत नाही.

उच्चाराविषयी दोन गोष्टी येथे सांगितल्याच पाहिजेत, कारण बहुतेक रचना त्यांवाचून फिक्या पडतात. पहिली शब्दाच्या अखेरच्या अकाराची. जुन्या वृत्तबद्ध कवितेत आपण ‘पालक’ची तीन अक्षरे मोजतो आणि गाताना शेवटचा ‘क’ पूर्ण उच्चारतो. रस्त्यावर मात्र तो शब्द ‘पालक्’ असा दोनच आघातांचा आहे आणि त्याचा शेवट ‘क्’च्या खटक्याने होतो. गाण्याच्या शिकवणीतून आलेला गायक नकळत ‘पालकऽ’, ‘कोथिंबीरऽ’ असा अकार लावतो आणि त्याबरोबर बाजार जाऊन त्या जागी वर्ग येतो. ‘बीऽर’मधला ‘र’ दुसरी मात्रा संपतासंपता, सर्वांनी एकदम, स्वरावाचून मिटला पाहिजे. समुदायात निम्म्यांनी आधी आणि निम्म्यांनी मागाहून मिटला तर पुढचा ‘काय’ चिखलात रुततो. दुसरी गोष्ट ‘चुका’ची. मेथी आणि शेपू या दोन्ही शब्दांत दोन्ही अक्षरे दीर्घ, म्हणून ती मात्रेची दोन समान अर्धी करतात. ‘चुका’तला ‘चु’ ऱ्हस्व आहे. तो मात्रेच्या चौथ्या हिश्शाइतकाच घ्यावा आणि उरलेली जागा ‘का’ला द्यावी. सरळ चाललेल्या ओळीत हा एक लंगडता शब्द आला म्हणजे कान जागा होतो. त्याला समान करून ‘चूका’ म्हटले तर ओळ गुळगुळीत होते आणि लवकरच कंटाळा आणते. लेखनात लघु-गुरूचा जो भेद आपण पाळतो तो हाकेने स्वतःच पाळलेला आहे. आपण तो बिघडवू नये एवढेच.

स्वरांची बाब त्या मानाने सोपी. मेथी, शेपू, चुका हे सारे षड्जावर, ‘कोथिं’ला रिषभाचा हलका स्पर्श, ‘बी’ पंचमावर, आणि तेथून गांधारापर्यंत उतरणारी मींड. मूळ हाकेतला हा गांधार पेटीच्या कोणत्याही पट्टीत नेमका बसत नाही, तो कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कोठेतरी असतो; म्हणून पेटीवाल्याने ‘बी’बरोबर वाजवू नये, फक्त षड्ज-पंचम धरून ठेवावे आणि घसरण आवाजाकडे सोपवावी. ‘काय’ गांधारावर आणि ‘भाव’ षड्जावर ठेवावा. मराठीत ‘काय’ने विचारलेल्या प्रश्नाचा जोर त्या ‘काय’वरच पडतो आणि शेवट खाली उतरतो, गीतकाराने प्रश्न आहे म्हणून तो शेवटी वर चढविला तर ते मराठी राहत नाही. षड्जावर उतरल्यामुळे पुढची ‘मेथी’ तेथूनच उचलता येते आणि आवर्तनाचा सांधा दिसत नाही. सगळा पल्ला पाच स्वरांचा आहे. पांढरी एकच्या आसपास षड्ज धरला तर स्त्रिया, पुरुष, मुले सर्वांना तो म्हणता येतो.

लयीचा विचार करताना मिनिटाला एकशे वीस मात्रा ही गती मला मानवते. तेव्हा एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, ‘मेथी’चे प्रत्येक अक्षर पाव सेकंदाचे आणि सबंध आवर्तन चार सेकंदांचे होते, भाजीवालीच्या बोलण्याचा वेगही याच्या जवळपास असतो. एकशे चाळीसच्या पुढे गेले की ‘कोथिं’चा ‘थ’ आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात आणि मुले ‘कोतिम’ म्हणू लागतात. नव्वदीच्या खाली उतरले तर हाकेतली लगबग संपते आणि आरती ऐकल्याचा भास होतो.

एक मुखडा साधला की त्याच साच्यात दुसरा माल भरून पाहावा, कारण साच्याची परीक्षा तेथे होते. कोळीण चौकात आली की ती विकते: रावस, बोंबील, हलवा, पाप–लेऽट, काय भाव? येथे पाचवर ‘रावस्’, सहावर ‘बोंबिल्’, सातवर ‘हलवा’, आठवर नुसता ‘पाप्’ आणि समेवर ‘ले’. ‘ले’ मधला एकार ताणावयास उत्तम, आणि शेवटचा ‘ट’ तर ‘र’पेक्षाही सुबक मिटतो. हे कडवे विनासायास बसते. फळवाल्याकडे मात्र अडचण येते. पेरू, चिक्कू यांची जोडी जमते, परंतु शेवटी ‘सीताफळ’ ठेवले तर समेवर ‘फळ’ येतो आणि त्यातला ऱ्हस्व अकार लांबविता येत नाही. लांबविला तर त्याचा ‘फाळ’ होतो, न लांबविला तर समेवर खड्डा पडतो. येथे रचनाकाराने शब्दकोशाकडे जाण्यापूर्वी पुन्हा रस्त्यावर जावे. फळवाला ‘सीताफळ’ असे ओरडतच नाही. तो ‘सीताफळेऽऽ’ असे अनेकवचन करतो आणि ‘ळे’ ताणतो. तेच घ्यावे: पाचवर ‘पेरू’, सहावर ‘चिक्कू’, सातवर ‘सीता’, आठव्या मात्रेच्या उत्तरार्धात ‘फ’, आणि समेवर ‘ळेऽ’. आठव्या मात्रेचा पूर्वार्ध मोकळा राहिल्याने ‘फ’ अचानक येतो आणि हे तिसरे कडवे पहिल्या दोहोंहून अधिक गमतीचे होते. माल विकणाऱ्याला ताणावयास स्वर हवाच असतो, आणि त्याने तो शब्दाच्या व्याकरणातून आधीच काढून ठेवलेला असतो. ही गोष्ट मला हाकांच्या अभ्यासात वारंवार आढळली आहे.

एवढ्यावर गीत चालेल; पण ते सारखे ठोक्याला बांधलेले राहील. म्हणून त्यात पहिल्या मार्गाचाही उपयोग करून घ्यावा, आणि त्यासाठी बोहारीण बोलवावी. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ही बाई चौकात येते तेव्हा तिची हाक एकाच शब्दाची असते, ‘भांऽऽडीऽऽय’. तिच्यात झपाट्याचा भाग मुळीच नाही, सगळी लांबणच आहे. तिला मात्रांत बसविण्याचा प्रयत्न करू नये. चौथ्या आवर्तनाला एकट्या आवाजाने ‘कोथिंबीर’ म्हटल्यावर समुदायाने गप्प राहावे, आणि ‘काय भाव’च्या मोकळ्या जागेतून बोहारणीचा आवाज वरच्या षड्जावर निघावा, खाली पुढची ‘मेथी, शेपू’ सुरू होते, तिच्यावरून तो आवाज हवा तसा घसरत पंचमापर्यंत यावा आणि पुढच्या समेच्या आधी संपावा. निघण्याची आणि संपण्याची जागा तेवढी ठरलेली. मधल्या सहा मात्रा, म्हणजे तीन सेकंद, तिच्या स्वाधीन. एका श्वासाची हाक साधारण एवढीच असते. ती उंच आणि केवळ स्वरमय असल्यामुळे खालचे शब्द झाकले जात नाहीत, आणि श्रोत्याला चौकात एकाच वेळी दोन माणसे असल्याचा अनुभव येतो.

यानंतर मोह होतो तो कल्हईवाला, भंगारवाला, चणेवाला, कुल्फीवाला या सर्वांना आत घेण्याचा. गिबन्सने तसे केले. पण त्याच्यापाशी ती संथ रेषा होती, तालमीतले गायक होते आणि श्रोते बसून ऐकणारे होते. ज्या गीतात श्रोत्यांनीच म्हणावयाचे आहे तेथे एका वेळी दोनांहून अधिक हाका आल्या की कोणाचेच शब्द कळत नाहीत आणि लोक म्हणावयाचे थांबून ऐकू लागतात. तिसरा फेरीवाला हवा असेल तर आधीच्याला जाऊ द्यावे. याहून अधिक वेळा दिसणारा दोष म्हणजे मोकळ्या जागा वाद्यांनी भरणे. ‘बीऽर’ मिटल्याबरोबर बासरीने एक तान, ‘भाव’नंतर घुंगरांचा एक झटका, असा साज चढविला की समुदायाला आपली पाळी कोणती हे उमगत नाही. रचना जमली की नाही हे ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे. कोणतीही सूचना न देता मुलांच्या एखाद्या घोळक्याला मुखडा दोनदा ऐकवावा आणि टाळी धरावयास सांगावे. टाळी ‘बी’वर पडली तर सम सापडली, ‘मेथी’वर पडली तर ठेक्यात किंवा गायकाच्या जोरात काहीतरी उलटे झाले आहे. मग तिसऱ्यांदा गायकाने ‘बीऽर’पाशी थांबून पाहावे, ‘काय भाव’ न शिकविताही मुलांच्या तोंडून काहीतरी निघते, मग ते ‘किती?’ असो वा ‘दे!’ असो. काहीच न निघाले तर ती मोकळी जागा फार आखूड झाली आहे असे समजावे.

गायकाच्या आवाजाविषयी मला आग्रहाने काही सांगावयाचे आहे. भाजीवाली ताणून ओरडते ती तिसऱ्या मजल्यासाठी. गायकापुढे ध्वनिक्षेपक आहे. त्याने तसाच घसा ताणला तर ते सोंग होते, आणि सोंगात त्या बाईच्या बोलीची, जातीची, गावंढळपणाची नक्कल शिरावयास वेळ लागत नाही. प्रेक्षकांना अशी नक्कल सहज हसविते, म्हणून रचनाकार तिला भुलतात. माझे निश्चित मत आहे की ती कटाक्षाने टाळावी. गीतात हसू यावे ते सवालजबाबाच्या नेमकेपणातून, ‘फळे’च्या अचानक येण्यातून, जिच्या हाकेवर आपले सारे गीत उभे आहे तिच्या उच्चारावर ते येऊ नये. गायकाने आपल्याच आवाजात, आपल्याच उच्चारात म्हणावे आणि भाजीवालीकडून फक्त तिची लय, तिची उडी आणि तिचे थांबणे घ्यावे. याच न्यायाने आणखी एक. मेथी-शेपूची हाक ही कोणा एकीची मालमत्ता नाही, ती साऱ्या पेठेची आहे; पण काही फेरीवाल्यांनी आपापली स्वतंत्र धून बांधलेली असते, एखाद्याने यमके जुळविलेली असतात, आणि गिऱ्हाइके त्याला त्यावरूनच ओळखतात. अशी हाक घ्यावयाची असेल तर त्या माणसाला प्रत्यक्ष भेटून विचारावे, त्याचा नामनिर्देश करावा आणि गीताला मोबदला मिळाल्यास त्याचा हिस्सा त्याला पोहोचवावा. रचनाकाराला चाल सुचविणाऱ्या कवीचे जे ऋण आपण मानतो ते येथेही मानले पाहिजे.

राहता राहिला शेवटाचा प्रश्न, आणि फिरत्या मुखड्याच्या गीतात तो अवघडच असतो, कारण ज्या तुकड्याचा शेवट त्याच्याच आरंभात मिसळतो तो थांबवावा कोठे हे कळत नाही. आवाज हळूहळू लहान करीत नेणे ही ध्वनिमुद्रणातली सोय; सभेत ती चालत नाही. या गीतापुरती माझी तजवीज अशी आहे. सबंध गीतभर समुदाय ‘काय भाव?’ विचारतो आणि त्याला एकदाही उत्तर मिळत नाही, पुढचा माल तेवढा येतो. शेवटच्या आवर्तनात ‘काय भाव?’च्या ‘भाव’वर ढोलकीने एकदम थांबावे. पाचवी मात्रा रिकामी जाऊ द्यावी. ऐकणाऱ्यांना तेथे ‘मेथी’ची अपेक्षा असते. सहावीच्या उत्तरार्धापासून एकट्या आवाजाने, स्वर सोडून, बोलण्याच्या पट्टीत, ज्या गावात गीत चालले असेल तेथल्या त्या दिवसाच्या बाजारभावाने उत्तर द्यावे: ‘वीस रुपये जुडी, ताई.’ भाव खरा असावा. तो त्याच सकाळी मंडईत विचारून घ्यावा. ‘ताई’ समेवर पडेल असे मात्र करू नये. तो समेच्या अंमळ आधी संपला पाहिजे, आणि समेची टाळी ज्याला द्यावीशी वाटेल त्याने द्यावी.